बिननावाचं बोलावणं

मुन्नीबाई पटले खाणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय डब्याचं झाकण लावत नाही. देवरीत चिचगड रस्त्याला तिचं घर आहे. सकाळी ओट्यावर डबे मांडलेले असतात. वरण, भात, पोळ्या, भाजी असं भरत भरत ती एकेका डब्याशी येते, झाकण तळहातानं दाबते आणि खालच्या आवाजात म्हणते, "घोरपडेसाहेब, जेवा." मग पुढचा डबा, "मुखेडकरबाई, जेवा." घोरपडेसाहेब तहसीलमध्ये आहेत, गाव सातारा. मुखेडकरबाई बँकेत आहेत, नांदेडच्या. आपलं नाव रोज सकाळी कुणी असं पुकारतं हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकही नाही.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं. मी विचारलं, इथून त्यांना ऐकू जातं का? तिनं मान वर न करता सांगितलं, "ऐकू जात नसन. पन डब्यावर नाव नसलं तं कोनीही खाते."

मला वाटलं, बाई उंदीर-मांजराचं बोलून राहिली.

मी टिकाराम. देवरीत आमचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, कोचिंग क्लासच्या जाहिराती, निवडणुकीत रिक्षावर वाजणारी घोषणा, जे येईल ते करतो. लिहायचं काम माझं आणि कॅमेरा माझा भागीदार भुपेंद्रचा. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. ते खरं आहे, पण त्याला कारणं आहेत. खानावळवाला कुणीही येवो, त्याला व्हिडिओत 'आईच्या हातची चव' पाहिजेच असते. हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. ज्याची आई सहाशे किलोमीटरवर आहे, त्याला तुम्ही त्याच आईच्या नावानं पाव किलो भात विकता, थोडी तरी लाज बाळगा.

मुन्नीबाईची सून नीतू मात्र तसलं काही घेऊन आली नव्हती. डब्यांचा बाहेरचा कारभार नीतूच पाहते. व्हॉट्सॲपवर नोंदी घेणं, स्कूटीवर पिशवी बांधून ऑफिसं फिरणं, भरलेला डबा देऊन कालचा रिकामा उचलणं, सगळं तीच करते. मे-जूनमध्ये बदल्या झाल्या आणि तिची अर्धी गिऱ्हाइकं देवरी सोडून गेली. नवे आले ते हायवेवरच्या ढाब्याला लागले. त्यांना मुन्नीबाई माहीतच नव्हती. म्हणून महिनेवारी डबा लावा, असं सांगणारा छोटा व्हिडिओ तिला पाहिजे होता. इथवर सगळं सरळ होतं.

दोन गोष्टी मात्र मला खटकल्या. शूटिंग पितरपक्षातच करायचं, असा तिचा हट्ट होता. आमच्याकडे पितरपक्षात कुणी नवी चप्पलही घेत नाही. मी म्हटलं, नवरात्र तोंडावर आहे, तेव्हा करू. ती नाही म्हणाली, आणि का ते सांगेना. दुसरी गोष्ट म्हणजे व्हिडिओचं शेवटचं वाक्य ती स्वतः लिहून घेऊन आली होती. 'जो कोणी घरापासून दूर आहे, त्यानं यावं. वाढून ठेवलं आहे.' हे सासूनं दाराकडे पाहून म्हणायचं, बाकी तुम्ही काहीही लिहा.

वाक्य चांगलं होतं. इतकं चांगलं की मला थोडा रागच आला, कारण ते मला सुचलं नव्हतं. त्यात आई नव्हती, चव नव्हती, 'घरगुती' नव्हतं, आणि तरी ते मनातून जाईना. मी ते तसंच ठेवलं.

मग रीतसर स्क्रिप्ट लिहिली. कागदाच्या डाव्या बाजूला काय दिसणार, उजव्या बाजूला काय ऐकू येणार. व्हिडिओ मोबाइलसारखा उभा. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला नाही तर बोट वर सरकतं आणि तुम्ही संपलात, म्हणून सुरुवातीला नुसतं वाफाळतं वरण भातावर पडताना दाखवायचं, एक शब्द बोलायचा नाही. मग मुन्नीबाईचे हात, मग ओट्यावरची डब्यांची ओळ. आजचा मेनू. पूर्ण महिना, अर्धा महिना, किंवा आधी एक दिवस खाऊन पाहा. सुट्टीवर जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी कळवा, तो दिवस पुढे धरला जाईल. भिंतीवरचं खाद्य परवान्याचं प्रमाणपत्र एका कोपऱ्यात वाचता यावं. बोललेलं सगळं खाली अक्षरांतही हवं, कारण ऑफिसात लोक आवाज बंद करून पाहतात. शेवटी ते वाक्य आणि फोन नंबर.

मुन्नीबाईबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे. तिचा मुलगा खुमेंद्र, म्हणजे नीतूचा नवरा, बोअरवेलच्या गाडीवर काम करायला तिकडे तेलंगणात गेला होता. लॉकडाऊनच्या आदल्या दिवाळीला घरी येऊन गेला, मग एक दिवस फोन बंद झाला. ठेकेदार म्हणाला, तो काम सोडून गेला. ठाण्यात बेपत्ता म्हणून नोंद आहे, फोटो आहे, आणि पुढे काही नाही. प्रेत मिळालं नाही आणि माणूसही मिळाला नाही. मुन्नीबाई त्याच्याबद्दल बोलत नाही. कुणी विचारलं तर 'कामावर आहे' म्हणते आणि भाजी ढवळायला लागते. देवरीत कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

स्क्रिप्ट वाचून दाखवायला मी तिच्या घरी गेलो. ती चुलीपुढे बसली होती. डब्यांचा स्वयंपाक गॅसवर होतो, पण मागच्या खोलीतली मातीची चूल तिनं मोडलेली नाही, घरचा भात त्याच चुलीवर. मी वाचत गेलो आणि ती मान हलवत गेली. मध्येच तिनं विचारलं, हा व्हिडिओ कुठवर दिसन? मी म्हटलं, मोबाइल असेल तिथवर. "तेलंगनात बी?" मी म्हटलं, हो, तिथेही. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मंग करू." तेव्हा कळलं की गिऱ्हाइकांसाठी ती तयार झालीच नव्हती. कुठल्या तरी अनोळखी गावात खुमेंद्र मोबाइल पाहत बसला असेल आणि त्याला आई दिसेल, एवढ्यासाठी ती कॅमेऱ्यापुढे बसणार होती. मी पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागलो.

मग मी शेवटचं वाक्य वाचलं. मुन्नीबाईचा हात थांबला. ती माझ्याकडे नाही, नीतूकडे पाहत होती. नीतू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, नजर जमिनीवर. चुलीतलं लाकूड तडकलं.

"हे म्या म्हननार नाही," मुन्नीबाई म्हणाली. "टिकारामभाऊ, हे तुमी लिहिलं का?"

मी नीतूचं नाव सांगितलं नाही. मग मुन्नीबाईनं मला ते समजावलं, शांतपणे, एखाद्या पाहुण्याला रीत सांगावी तसं. त्यांच्या घरी पितरांच्या दिवशी चुलीतले निखारे बाहेर ओढतात. तुपात कालवलेल्या भाताचा घास एकेका पितराचं नाव घेऊन निखाऱ्यावर ठेवतात. तूप पेटलं की तो जेवला. तिचा नवरा पुरनलाल, सासरा, आजेसासू, असे सगळे जेवले की शेवटचा एक घास उरतो. तो भुलल्या-बिसरल्यांचा. जंगलात गेले आणि आले नाहीत, वाहून गेले, परमुलखात मेले आणि खबर आली नाही, अशांसाठी. त्यांचं नाव कुणाला माहीत नसतं, म्हणून नाव घ्यायचं नाही. दाराकडे तोंड करायचं आणि म्हणायचं, जो कोणी घरापासून दूर आहे, त्यानं यावं, वाढून ठेवलं आहे. घास पेटला तर कुणीतरी आलं होतं. नुसता धुपला तर कुणी नाही.

मी कागद खाली ठेवला. माझ्या हातात जाहिरात नव्हतीच.

खुमेंद्रचा फोन बंद झाल्यापासून मुन्नीबाईनं तो शेवटचा घास ठेवणं बंद केलं होतं. नाव घेतलेल्या पितरांना वाढायचं आणि निखारे विझवायचे. "कारन, त्या बोलावन्यावर तो आला तं?" ती म्हणाली. एवढंच. त्यापुढचं तिला बोलायची गरज नव्हती.

मी म्हटलं, वाक्य बदलतो, त्यात काय. नावं घेऊ, 'घोरपडेसाहेब या, मुखेडकरबाई या'. मुन्नीबाईला ते बरं वाटलं. नीतू मात्र ताडकन बाहेर निघून गेली.

फाटकापाशी तिनं मला गाठलं. मी तिच्यावर ओरडणारच होतो. सासूला फसवून, कॅमेऱ्याच्या नावाखाली असलं काही करून घेतेस? पण तीच आधी बोलायला लागली. ती म्हणाली, कायदा सात वर्षं थांबा म्हणतो, माहेरचे म्हणतात परत ये, सासू म्हणते कामावर आहे. हळदीकुंकवाला बायका मला बोलावतात, आणि कुंकू लावताना त्यांचा हात अडखळतो. "मी काय आहो, भाऊ? मले तरी सांगा. तो मेला तं मी रडीन. जिता आहे तं वाट पाहीन. पन दोनमधून एक तं करू द्या." स्कूटीच्या पिशवीत रिकामे डबे होते, ती गेली तेव्हा रस्त्याच्या वळणापर्यंत ते वाजत गेले.

दुसऱ्या दिवशी मुन्नीबाईचाच निरोप आला. शेवटचं वाक्य जसं होतं तसंच ठेवा, मी म्हणते, निखाऱ्यावर घासही ठेवते. का ते मी विचारलं नाही. सुनेचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू येत असणार, असं मी धरून चाललो.

आम्ही दुपार कलल्यावर शूटिंगला बसलो. आभाळ आलेलं होतं. वरण-भाताचे, हातांचे, डब्यांचे शॉट झटपट झाले. मुन्नीबाई कॅमेऱ्याला घाबरणाऱ्यातली नाही. सुट्टीचा दिवस पुढे कसा धरला जातो हे तिनं इतक्या ठणकावून सांगितलं की भुपेंद्र म्हणाला, मीच डबा लावतो. नीतूनं चुलीतले निखारे पुढे ओढून ठेवले होते. चित्रात थोडा धूर बरा दिसेल, असं ती भुपेंद्रला म्हणाली. भुपेंद्रला कुठलीच गोष्ट माहीत नव्हती. तो खूश झाला आणि त्यानं स्वतःच चमचाभर तूप निखाऱ्यावर टाकून पाहिलं. भप्पकन पेटलं. मुन्नीबाईनं मान फिरवली.

शेवटच्या शॉटसाठी सगळं जुळत गेलं. पुढे निखारे, शेजारी वाढलेलं ताट, तुपाची वाटी, पाण्याचा गडवा. बाजूला मुन्नीबाई, आणि तिच्या पलीकडे मागचं दार उघडं. दाराबाहेर अंगण, बांधाला लागलेलं हिरवं धान, त्यापुढे जंगलाची काळी कड. निखारे सोडले तर मी लिहिलेल्या कागदावर हे सगळं होतं. डाव्या बाजूला, 'काय दिसेल' या खाली.

भुपेंद्रनं कॅमेरा तिपाईवर लावला आणि वैतागला. आमच्या कॅमेऱ्यात माणसाचा चेहरा ओळखून त्याच्याभोवती पिवळा चौकोन येतो आणि तो चेहरा स्पष्ट ठेवतो. मुन्नीबाईच्या चेहऱ्यावर चौकोन येई आणि लगेच उडून दारात जाऊन बसे. दारात कुणी नव्हतं. तो चौकोन उंबऱ्याच्या वर, माणसाच्या उंचीला, थरथरत उभा राही. भुपेंद्रनं दोनदा कॅमेरा बंद करून सुरू केला. मग शिव्या घालत चौकोन बंदच केला आणि हातानं फोकस धरला. असं होतं कधीकधी, तो म्हणाला, सावलीला पण चेहरा समजतो. मी दाराकडे पाहिलं. आभाळ आलेलं, सावली कुठून येणार?

मुन्नीबाईनं घास कालवला. बराच वेळ कालवत राहिली. मग दाराकडे तोंड केलं. मला वाटलं होतं तिचा आवाज कापेल. तो कापला नाही. रोज डब्याचं झाकण लावताना असतो तसाच होता, फक्त त्यात नाव नव्हतं.

"जो कोनी घरापासून दूर आहे, त्यानं यावं. वाढून ठेवलं आहे."

तिनं घास निखाऱ्यावर ठेवला. आम्ही सगळे त्या घासाकडे पाहत होतो, भुपेंद्रसुद्धा. चर्रर्र झालं, पांढरा धूर निघाला. घास काळा पडत गेला. ज्वाळा आली नाही. नीतूनं दोन्ही हात तोंडावर धरले होते.

"पाह्यलं?" मुन्नीबाई तिला म्हणाली. "नाही आला. जिता आहे."

नीतू मटकन खाली बसली. रडली की हसली, मला सांगता येणार नाही. सासूनं तिला उठवलं, कमरेत हात घालून पुढच्या ओसरीवर नेलं. आम्हीही मागोमाग गेलो. कॅमेरा तसाच चालू ठेवला होता. शूटिंग संपलं की त्या जागेचा नुसता आवाज थोडा वेळ भरून घ्यावा लागतो, जोडकाम करताना दोन वाक्यांमधली फट त्यानं बुजवायची असते. त्यासाठी सगळ्यांनी बाहेर जायचं आणि गप्प राहायचं. ओसरीवर आम्ही गप्पच होतो. नीतू पहिल्यांदा मला हलकी वाटली. मी मनात म्हटलं, चला, एक काम तरी चांगलं झालं.

जोडायला स्टुडिओत बसलो तेव्हा बाहेर बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर गलका. शेवटचा शॉट मी पडद्यावर मोठा करून पाहत होतो, कुठे कापायचं ते ठरवायला. तेव्हा मला मुन्नीबाईची बोटं दिसली. भात घेऊन तिचा हात तुपाच्या वाटीकडे गेला, वाटीवरून सरकला आणि गडव्यात बुडाला. तिनं घास पाण्यात कालवला होता. पाण्यानं निथळणारा घास तिनं निखाऱ्यावर ठेवला होता, तो पेटू नये म्हणून.

मला राग आला नाही. उलट मी हसलो. सुनेनं स्क्रिप्टमधून सासूला घेरलं आणि सासूनं गडव्यातून वाट काढली. मुलाला मेलेला ठरवायला तिचा हात तयार नव्हता, म्हणून तिनं देवालाही थोडी हुलकावणी दिली. कोणती आई देणार नाही?

चित्र पुढे चालू होतं. आम्ही उठून गेलेलो. रिकामी खोली, उघडं दार, निखाऱ्यावर काळा झालेला ओला घास. त्या जागेचा आवाज मी कान देऊन ऐकत होतो. आधी अंगणातल्या चिमण्या होत्या, दुरून ट्रक होता. मग ते बंद झालं. कुणी हळूहळू आवाज कमी करावा तसं नाही, एकदमच. आणि तो घास पेटला. ज्वाळा सरळ वर आली, दारातून वारा नव्हता, ती हलली नाही. शांतपणे जळली, जेवायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग बसली. मग चिमण्या परत आल्या.

मी भुपेंद्रला बोलावलं. त्यानं पाहिलं, परत पाहिलं. मीच आधी चमचाभर तूप टाकलं होतं ना, तो म्हणाला, ते राखेत मुरलं असेल, उशिरा पेटलं. असेलही. मी त्याच्याशी वाद घातला नाही. पण त्यानंतर तो त्या खुर्चीवर बसला नाही, उभ्यानंच बोलत राहिला आणि लवकर घरी गेला.

एवढा तुकडा पुसून टाकायचा, असं मी ठरवलं होतं. आई समाधानी, सून समाधानी, मी कोण मध्ये पडणार? पण पुसायला बोट जाईना. नीतूनं फाटकापाशी विचारलेलं मला आठवत होतं, दोनमधून एक करू द्या. आणि जे आलं होतं ते बोलावल्यावर आलं होतं, त्याचं जेवण मी कोण पुसणार. दुपारी नीतू डबे घेऊन निघाली असेल अशा वेळी मी लॅपटॉप घेऊन मुन्नीबाईकडे गेलो.

ती भांडी घासत होती. हात पुसून समोर बसली. मी काही न सांगता चित्र चालू केलं. आपली बोटं गडव्यात बुडताना तिनं पाहिली आणि माझ्याकडे चोरट्या नजरेनं पाहिलं. मग रिकामी खोली आली. ज्वाळा आली. मुन्नीबाई पापणी न हलवता पाहत राहिली. संपल्यावर म्हणाली, परत दाखवा. मी परत दाखवलं.

"पान्यात बुडवला होता म्या," ती म्हणाली. "पेटाचा नव्हता."

मी म्हटलं, भुपेंद्रचं तूप राखेत राहिलं असेल. तिनं ते ऐकलं नाही. ती उठली, चुलीपाशी गेली आणि थंड राखेवर तळहात ठेवून बसली. मला उठून जावंसं वाटत होतं आणि जाता येत नव्हतं.

"ओला घास खाल्ला त्यानं," ती म्हणाली. "केवढी भूक लागली असन. म्या साऱ्या गावच्या पोराईले जेवाले घातलं, टिकारामभाऊ. अन् माया पोराले इतके साल दारात उपाशी उभा ठेवलं. मरू नये म्हनून."

मी पन्नाशीचा माणूस, पण त्या वेळी मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

निघताना मी विचारलं, व्हिडिओतलं ते वाक्य काढू का? ती म्हणाली, राहू द्या, ज्याले कोनी बोलवत नाही त्यालेही भूक लागते. म्हणून ते राहिलं. ओल्या घासापाशी मी कापलं, पुढे फोन नंबर टाकला, आणि नीतूनं व्हिडिओ सगळीकडे पाठवला. नवी गिऱ्हाइकं आली, चांगली आली. वनविभागातला एक नवा साहेब म्हणाला, आवाज बंद करून पाहिला होता, तरी बाई काय म्हणतात ते ऐकू आलं. मी म्हटलं, खाली अक्षरं होती ना. तो म्हणाला, अक्षरं नाही, आवाज. मी विषय बदलला. वर्षातून एकदा एका चुलीपुढे म्हणायचं बोलावणं आता दिवसरात्र कुठल्या कुठल्या मोबाइलवर वाजतं. ते कोण कोण ऐकतं, याचा मी विचार करत नाही.

त्याच पितरपक्षातल्या अमावस्येला मुन्नीबाईनं मला बोलावलं होतं. नीतूला तिनं सगळं स्वतः सांगितलं होतं, हे घरात शिरताच कळलं. नीतूचे डोळे सुजले होते. निखारे ओढलेले होते. पुरनलालचं नाव झालं, घास पेटला. सासऱ्याचं, आजेसासूचं झालं. मग मुन्नीबाईनं तुपात भात कालवला, या वेळी वाटी रिकामी होईपर्यंत.

दोनमधून एक करा म्हणणारी नीतूच तेव्हा पुढे सरकली आणि तिनं सासूचा हात धरला. "नको घेऊ नाव, माय. बिननावाचंच बोलव. नाव घेतलं का तो मेला."

मुन्नीबाईनं तिचा हात सोडवला नाही. तो हात हातात ठेवूनच तिनं घास उचलला. "नाव नसलं तं कोनीही खाते, बाई," ती म्हणाली. "हे त्याचंच जेवन आहे." मग ती दाराकडे वळली नाही. शेजारी बसलेल्या माणसाला म्हणावं तसं तिनं म्हटलं, "खुमेंद्र, जेव बाबू."

घास निखाऱ्याला टेकला आणि पेटला. नीतू सासूच्या खांद्यावर कोसळली. मुन्नीबाईनं एका हातानं तिला धरलं, ज्वाळा खाली बसेपर्यंत पाहिलं, आणि दुसऱ्या हातानं ताटातला भात पुन्हा पुढे ओढला.

"अजून घे," ती म्हणाली, आणि दुसरा घास कालवायला लागली.